मागच्या फाटकाची किल्ली

जयाचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला. वडिलांसाठी भाकरी झाकून ठेवून तिनं सेवाग्रामहून बस धरली. तिची आई आनंदाबाई दोन वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आगीच्या धुरात गुदमरून गेली, मागच्या बंद फाटकाशी. तेव्हापासून जया रडली नाही. कारखान्यांच्या लोकांना टेबलाभोवती बसवून आगीची तोंडी तालीम करून घ्यायची, हे काम तिनं धरलं.

आज टेबलावर दुसऱ्या एका जिनिंगचा नकाशा होता. भोवती मालक मोतीलालशेठ, मॅनेजर अंकुश आणि वीजवाला सुमीत.

"कोणाची परीक्षा नाई," जया म्हणाली. "पण जे खरंच कराल तेच सांगा. सकाळचे अकरा. सरकी काढायच्या रेच्याजवळ कापूस पेटला."

"मेन स्विच पाडतो," सुमीत लगेच म्हणाला.

"पाडला. पाण्याचा पंप?"

सुमीतनं नकाशा पाहिला. "तोही त्याच स्विचवर आहे."

"घ्या, आता बादल्या शोधा," अंकुश म्हणाला. "मी बंबाले फोन करतो."

"बंब निघाला. तो पोचेपर्यंत समोरच्या दारात धूर. आत बाया आहेत. किती?"

"ठेकेदाराले माहीत," अंकुश म्हणाला. "तो बायांले सकाळी सोडून जाते."

"काढता कुठून?"

"मागच्या फाटकातून. कापूस चोरीले जाते म्हणून कुलूप असते. किल्ली शेठजींच्या खिशात."

जयानं तालमीतल्या पुढच्या अडचणीची चिठ्ठी उलटली. "आज चतुर्थी."

दर चतुर्थीला शेठ केळझरच्या गणपतीला जायचे. फोन गाडीत, बंद.

"नेमकी त्याच दिवशी आग काऊन लागंल?" शेठ म्हणाले.

"तुम्ही येईस्तोवर गणपती आग थांबवून ठेवते, शेठजी," अंकुश म्हणाला. हसलं कुणीच नाही.

जयाचा हात नकाशावरच्या फाटकावर होता. तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा तिला वाटला.

मग तिनं चर्चा घेतली. आधी काय जमलं ते: वीज लगेच तोडली, फोन वेळेवर केला. मग काय अडलं ते. पंपाची लाइन मेन स्विचच्या आधीपासून वेगळी काढणं सुमीतनं घेतलं. आत येणाऱ्या बायांची नोंद दारावरच करणं अंकुशनं. फाटक राहिलं.

"बघू," शेठ म्हणाले.

"बघू म्हणजे कोण आणि कधीपर्यंत?"

"अन् चोरी झाली तर?"

"कुलपाऐवजी आडवा दांडा लावा. आतून ढकललं की उघडते, बाहेरून नाई."

शेठनी खिशात हात घातला. मग किल्ली काढून टेबलावर ठेवली. "अंकुश, शनिवारपर्यंत करून घेजो."

सोमवारी जया पाहायला गेली. तळव्यानं दांडा ढकलला. फाटक उघडलं; पलीकडे तुरीचं वावर होतं. तिच्या आत काही हललं नाही. तिनं फाटक लावलं आणि पुन्हा एकदा ढकलून पाहिलं.

या कामाच्या पैशातून घरच्या न्हाणीला दार बसलं. त्या दाराचे पैसे जमवायलाच आई जिनिंगवर कामाला जाऊ लागली होती.