आईचं कानाचं मशीन

लालबागच्या आमच्या चाळीत आईचा एक कायदा होता: हप्त्यावर आणलेली वस्तू हप्ते फिटल्याशिवाय वापरायची नाही. पहिला मिक्सर वर्षभर खोक्यातच राहिला आणि ती पाट्यावर वाटत बसली. आम्ही तेव्हा हसायचो.

तिला ऐकू येईनासं झालं, तेव्हा मी दादरच्या दुकानातून दोन्ही कानांची मशीनं घेतली. नव्वद हजार रुपये. कार्ड स्वाइप केलं. दुकानात मशीन लावून पाहताना मी नेहमीसारखी न ओरडता म्हटलं, "आई, बरं वाटतंय?" ती दचकली. "तुझो घसो बसलो काय?" कित्येक वर्षांनी मी तिच्याशी हळू बोलले होते. मला रडूच आलं.

एवढं बिल एकदम भरणं शक्य नव्हतं. बँकेला फोन करून बारा हप्ते करून घेतले. आईला म्हटलं, मी भरते, तू घाल. पण आई कसली ऐकतेय! पहिलं बिल आल्यावर तिने चष्मा लावून माझ्याकडून एकेक ओळ समजून घेतली. हप्ता. त्यातलं व्याज बाराशे. त्या व्याजावर जीएसटी दोनशे सोळा. हप्ते करून दिल्याची प्रोसेसिंग फी, आणि तिच्यावरही जीएसटी.

"व्याजावर पण कर? असो कसो?"

असाच असतो, मी ओरडून सांगितलं. शेजारणीलाही कळलं.

आईने मशीनं डबीतून बाहेर काढलीच नव्हती. "आधी हप्ते फिटांदेत. मगे घालतंय."

मी चिडले, विनवण्या केल्या. बँकेला विचारलं, एकदम भरले तर? उरलेल्या मुद्दलावर तीन टक्के आणि त्यावर जीएसटी. फी परत मिळणार नाही. दागिना मोडून भरायला मी तयार होते. पण आईला त्या जादा पैशांचा जास्त राग. "फुकटचे कित्याक देतंस? मी खंय पळतंय?" बरं, खोटं सांगावं, तर ती बिल मागायची. व्याजाचा आकडा महिन्यागणिक उतरायचा, ते पाहून खूश व्हायची. मी मात्र ओरडतच राहिले. चाळीत सगळ्यांना ऐकू जाईल म्हणून मनातलं काही बोलताच यायचं नाही.

तीन हप्ते उरले असताना तिला परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. गडबडीत डबी घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन गेले, तर तोंडावर मास्क, कानांवरून त्याचे पट्टे. नर्स म्हणाली, आता नको.

मला तिला एवढंच सांगायचं होतं की आई, तू होतीस म्हणून माझं निभावलं. असलं ओरडून कसं सांगणार? तरी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. आईने डोळे उघडले, माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मान हलवली. पण तिला काही ऐकू आलं की मान हलवायची सवयच होती तिला, हे मला आजही माहीत नाही.

उरलेले तीन हप्ते मी भरले. शेवटच्या बिलात व्याज शंभराच्या आसपास होतं. आई खूश झाली असती. मशीनं आता घालायला मोकळी आहेत.