सहदेव तोंड उघडेना

पार्ल्याच्या कुंदा वर्टी दर रविवारी स्वतःवरच वैतागायच्या. औषध कंपनीच्या कर्मचारी विभागात उमेदवारांना पारखण्यात आठवडा जायचा, आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसलेल्या पोरांकडून ग्रुप डिस्कशनचा सराव करून घ्यायचा. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप!

त्यांना सगळ्यात जास्त छळायचा तो घाटकोपरचा सहदेव. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. पोरगा हुशार, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारा. पण गोल करून बसवलं की तोंडाला कुलूप. संगणकामुळे नोकऱ्या जातील का, या विषयावर बाकीचे एकमेकांवर ओरडत होते आणि हा मांडीवर हात ठेवून बसला होता. नंतर विचारलं, तर बँकांतल्या संघटनांचा विरोध कशाला, मालकांचं म्हणणं काय, सगळं घडाघडा सांगितलं.

"मग मघाशी का नाही बोललास?"

"कोणी थांबेचना, ताई."

"थांबणारही नाहीत. एखाद्याचं वाक्य संपतं तिथे शिरायचं. त्याचाच मुद्दा धरायचा आणि आपलं काहीतरी त्यात घालायचं. पण त्यासाठी आधी त्याचं ऐकावं लागतं."

पुढच्या रविवारी कुंदाबाईंनी मुद्दाम आजारी गिरण्यांचा विषय दिला. याला कंठ फुटावा एवढीच इच्छा. तो असा फुटला की आवरेना. आकडे, मालक, सरकार, सगळ्यांची हजेरी घेऊन झाली. बाकीचे गप्प, मध्येच काही विचारू पाहणारी मीराही. बाईंनी कपाळाला हात लावला.

"ही चर्चा नव्हे, भांडण झालं. मीराने तुला काय विचारलं?"

सहदेव मीराकडे वळला. त्याने ऐकलंच नव्हतं. मीरा म्हणाली, "कामगारांना दुसरं काम कोण शिकवणार, एवढंच विचारत होते."

तो हळूच म्हणाला, "बाबा घरी हेच विचारतात."

"म्हणजे ती तुझ्याच बाजूची होती," बाई म्हणाल्या, "आणि तू तिलाच गप्प केलंस."

यानंतर तो खरंच ऐकायला शिकला. अर्थात अधूनमधून गप्प बसायचा आणि बाईंचं डोकं उठायचं, ते वेगळंच.

खऱ्या परीक्षेत विषय आला, जाहिराती मुलांना बिघडवतात का. परीक्षक कोपऱ्यात गुण देत बसलेले, गटात मासळीबाजार. सहदेवने एका मुलीचा अर्धवट राहिलेला मुद्दा उचलला, तिला पुढे बोलू दिलं, आणि शेवटी दोन्ही बाजू कुठे जुळतात ते थोडक्यात मांडलं. मुलाखतीला निवड झाली, पुढे प्रवेशही मिळाला.

पेढे घेऊन आला तेव्हा बाईंनी विचारलं, किती वेळा बोललास?

"दोनदा."

"दोनदाच?" बाई उखडल्या. "अरे, नशीब समज घेतलं त्यांनी!"

पेढा मात्र त्यांनी दुसराही उचलला.