सुविधाने बनवलेली नदी

नार्वेहून डिचोली आणि डिचोलीहून म्हापसा, असा सुविधाचा रोजचा बसचा रस्ता. म्हापशात एका कपड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. प्रवीण नावाचा सावंतवाडीकडचा माणूस ते चालवायचा. हॉटेलं, दवाखाने, भाड्याच्या गाड्या यांच्यासाठी मोबाइलवरची ॲप्स तिथे बनायची. सुविधा सहा वर्षं तिथे होती आणि अवघड काम असलं की ते तिच्याकडे यायचं. ती कमी बोलायची. कामात चूक निघाली तर सबब न सांगता दुरुस्त करून द्यायची.

तिचे वडील गोकुळदास बावीस वर्षं बार्जीवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर, सुकाणू धरून होते. खाणीचा माल भरायचा, मांडवी नदीतून खाली न्यायचा, बंदरात रिकामा करायचा. मग खाणी बंद पडल्या आणि बार्जी किनाऱ्याला लागल्या. पुढे काही पुन्हा सुरू झाल्या, तोवर गोकुळदासांच्या एका डोळ्यात पडदा आला होता. कोणी बोलावलं नाही. ते घरी राहिले, माड बघू लागले आणि नदीबद्दल बोलायचे थांबले.

ते पुन्हा बोलू लागले ते खेळामुळे. सुविधाला फ्लेम शिकायचं होतं. ऑफिसात सगळी ॲप्स फ्लटरमध्ये होत. एकदाच लिहायचं, अँड्रॉइडवरही चालतं आणि आयफोनवरही. फ्लेम हे त्याच फ्लटरवर बसणारं खेळांचं इंजिन. शिकायला काहीतरी छोटं हवं म्हणून तिने एक नदी काढली, वरून दिसते तशी, आणि तिच्यात एक बार्ज सोडली. डावीकडे बोट दाबलं की बार्ज डावीकडे, उजवीकडे दाबलं की उजवीकडे. रविवारी सकाळी तिने फोन वडिलांच्या हातात दिला.

गोकुळदासांनी दोन मिनिटं खेळून फोन खाली ठेवला.

"भरल्ली बार्ज अशी वळना गो," ते म्हणाले. "आदीं मागलो भाग फिरता, मागीर तोंड. आनी फिरपाक लागली की थांबना."

"म्हणजे उलट दिशेला धरावं लागतं?"

"वळण येवचे आदींच धरचें पडटा."

त्यानंतरचे बारा रविवार दोघं त्या नदीवर होते. बोट दाबलं की बार्ज लगेच न वळता हळूहळू वळणाचा वेग घेईल, आणि बोट काढलं तरी तो वेग हळूहळूच उतरेल, असं सुविधाने लिहिलं. गोकुळदासांनी कागदावर वळणं काढून दिली. कुठे गाळ, कुठे खडक, ओहोटीला पाणी कुठल्या काठाकडे ओढतं, सगळं. खडकांना तिने अदृश्य चौकटी बसवल्या. बार्जीची चौकट त्यांना लागली की फ्लेम ते कळवायचं आणि खेळ संपायचा. जेवायची हाक आली तरी गोकुळदास उठायचे नाहीत.

आयफोनसाठी मात्र मॅक लागतो आणि ॲपलचं खातं लागतं. दोन्ही ऑफिसचं होतं. तिने प्रवीणला विचारलं.

"कर की," तो म्हणाला. "अँड्रॉइडचंही आपल्याच खात्यावर टाक. चाचणीला बरं पडेल."

तिने टाकलं. गूगलकडे आतल्या चाचणीसाठी एक प्रत, ॲपलकडे टेस्टफ्लाइट या त्यांच्या चाचणीच्या सोयीवर एक. गूगलच्या चाचणीत वडिलांना घेतलं, आणि त्यांच्या जुन्या अँड्रॉइडवर खेळ प्ले स्टोअरमधूनच येऊन बसला. ऑफिसातला चाचणीचा आयफोनही ती एका शनिवारी घरी घेऊन आली.

गोकुळदासांनी पहिल्याच वळणावर मान हलवली. "ही व्होंवटी न्हय. हो पूर."

तिला वाटलं, ओहोटीचा पूर कसा होईल, यांचा हात बसलेला नाही. त्यांनी पुन्हा खेळून दाखवलं. बार्ज वळत होती तशीच, पण पाणी दुपटीने ओढत होतं. सुविधाने लॅपटॉप उघडला आणि चूक तिच्या लक्षात आली. पडद्यावरचं प्रत्येक चित्र रंगवण्याआधी फ्लेम विचारतं, आता काय हललं, आणि मागच्या चित्रापासून किती वेळ गेला तेही सांगतं. त्या वेळाने गुणायचं असतं. बार्जीच्या वेगाला तिने गुणलं होतं, ओहोटीला विसरली होती. दर चित्राला शून्य पूर्णांक आठ ठिपके, एवढंच लिहिलेलं. जुना फोन सेकंदाला साठ चित्रं रंगवायचा, हा आयफोन एकशेवीस. तिने ओहोटी सेकंदाला अठ्ठेचाळीस ठिपके अशी लिहिली आणि वेळाने गुणली. सोमवारी मॅकवर नवी प्रत बनवून तिने त्यांना पुन्हा खेळायला दिली.

"आतां बरोबर," ते म्हणाले. ऑफिसातल्या कोणालाही न सापडलेली चूक त्यांनी हाताने ओळखली होती. ती हे सगळ्यांना सांगत सुटली. प्रवीणलाही सांगितलं.

प्रवीणने खेळ नीट पाहिला तो तेव्हाच. आठवड्याने त्याने तिला बोलावलं. पर्यटकांना संध्याकाळी गाणी-नाच लावून नदीत फिरवणाऱ्या बोटवाल्यांना जाहिरातीसाठी खेळ हवा होता. प्रवीणने त्यांना हाच दाखवला होता.

"त्यांना फार आवडला. फक्त बार्ज काढायची, त्यांची बोट घालायची. आणि खडक कंटाळवाणे वाटतात म्हणे. त्यांच्या जागी नांगरलेल्या बार्जी टाक, गंजलेल्या. टुरिस्ट खरोखर बघतातच त्या."

सुविधा म्हणाली, "सर, तो माझा खेळ आहे. रविवारी केलेला."

"ऑफिसच्या मॅकवर, ऑफिसच्या खात्यावर," प्रवीण म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आणि तू सही केलेल्या कागदात काय आहे ते तुला माहीत आहे. मी दुसऱ्या कोणाला देऊ शकतो, पण तो सगळा विचका करेल. तूच कर."

तिने केलं. दोन दिवस पुरले. बार्जीच्या चित्राच्या जागी दिव्यांची बोट आली. खडकांच्या जागी गेलेल्या बार्जींना सुकाणू राहिलं नाही, नुसती चौकट राहिली, धडकायला. बोट फार सावकाश वळते असं बोटवाल्यांनी कळवलं, तेव्हा वडिलांनी बारा रविवार घोटून घेतलेले आकडेही तिने बदलले. ओहोटीबद्दल कोणी काही म्हणालं नाही, म्हणून ती राहिली.

घरी तिने सांगितलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत होती. खेळ दोन्ही स्टोअरवर लागला त्या आठवड्यातही बोलली नाही. पण खातं तेच होतं आणि खेळाची ओळखही तीच. गूगलच्या लेखी ही त्याच खेळाची पुढची आवृत्ती होती. गोकुळदासांच्या फोनवर ती एका सकाळी आपोआप येऊन बसली. सुविधाने हजारदा हाताळलेली गोष्ट, पण या एका फोनबाबत तिच्या ध्यानात आली नाही.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा ते पडवीत बसले होते. फोन मांडीवर होता.

"आमची बार्ज खंय?" त्यांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. खातं, सही, बोटवाले.

"नदी तीच आसा," ते शेवटी म्हणाले. "वळणां म्हजीं. पूण बार्जीक लागलें की मरप."

"बाबा, मला 'नाही' म्हणता आलं असतं."

"मागीर म्हणूंक कित्याक ना?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने वाईट केलं असतं, एवढंच. कामाचा माणूस स्वतःला जे समजावतो ते.

गोकुळदासांनी खेळ काढून टाकायला सांगितला. त्यांना ते जमत नव्हतं. तिने त्यांच्यासमोर चिन्ह दाबून धरलं आणि काढला. टेस्टफ्लाइटवरची बार्जीची प्रत ॲपलची नव्वद दिवसांची मुदत भरल्यावर उघडेनाशी झाली.

खेळ चालला. पावसाळ्यानंतरच्या हंगामात बोटीवर चढणाऱ्यांना तो दाखवत. सुविधा अजून म्हापशात जाते. रविवारी ती लॅपटॉप उघडत नाही आणि वडील नदीबद्दल बोलत नाहीत. मार्चमध्ये बोटवाल्यांनी कळवलं की पाणी उगाच एका बाजूला ओढतं, लोक गोंधळतात. प्रवीणने तो निरोप तिच्याकडे पुढे पाठवला. तिने अठ्ठेचाळीसच्या जागी शून्य लिहिलं, दोन्ही फोनांसाठी नवी आवृत्ती चढवली आणि पावणेसहाची डिचोलीची बस पकडली.