रस्त्यापलीकडे लोटलेल्या काचा

पत्र आलं तेव्हा मी भज्यांचं पीठ कालवत होते. पोस्टमन म्हणाला, "मावशी, रजिस्टर हाय, सही तुमचीच लागंल." मी पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. मला सही येते. शाळेत गेले नाही, पण भजी बांधायला रद्दी येते ना, त्या रद्दीतल्या मोठ्या अक्षरांवरून बारीक अक्षरांवर आले, असं माझं शिक्षण. तरी लिफाफा मी लगेच फोडला नाही. आमच्या घरी रजिस्टर म्हणजे जमिनीचं भांडण, एवढंच माहीत.

ताम्हिणीच्या रस्त्याला आमची टपरी आहे. आम्ही डाव्या अंगाला, म्हणजे कोकणातून पुण्याकडे जाताना डाव्या. समोरच्या अंगाला चर, चरापलीकडे डोंगर. हे नीट ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्यावर आहे.

सुनेनं लिफाफा फोडला आणि उभ्यानं वाचायला लागली. मधेच थांबून म्हणाली, "आत्या, त्या मोटारसायकलवाल्याचं हाय."

मी कढईखालचा जाळ बारीक केला.

मार्गशीर्षातली गोष्ट. तो पुण्याजवळ पिरंगुटाकडच्या कंपनीत कामाला, पहिली पाळी संपवून खाली कोकणाकडे घरी चाललेला, म्हणजे त्याची बाजू चराची. रोज माझ्याकडे थांबायचा. चहा कमी गोड. मी म्हणायची, "एवढ्या तरण्या वयात साखर कशाला तोडतोस?" तर म्हणायचा, "मावशी, बायको गोड करते, तेवढं पुरतं." त्या दिवशी थांबला नाही. नुसता हात वर केला आणि गेला. मी वळून कढईकडे बघितलं आणि मागं तो आवाज झाला. लोखंड आणि काच एकदम फुटल्यावर होतो तसा. तेव्हापासून चारच्या सुमाराला एखादी गाडी हळू झाली की माझं कढईवरचं लक्ष उडायचं. वळून बघायचं धाडस व्हायचं नाही, आणि न बघता राहवायचंही नाही.

धावत गेले. तो चराच्या कडेला पडलेला, डोकं गवतात. मोटार आडवी, तिचा मालक बाहेर येऊन "तोच माझ्या बाजूला आला, तोच आला" एवढंच घोकत होता. मी पदर पोराच्या डोक्याखाली घातला. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. एका टेम्पोवाल्यानं त्याला मागं घालून नेलं. वाटेतच गेला, असं संध्याकाळी कळलं.

आता मी काय केलं ते सांगते. दोन्हीकडून गाड्या तुंबल्या होत्या, लोक ओरडत होते. चौघांनी मोटार ढकलून कडेला घेतली, मोडकी मोटारसायकल उचलून आमच्या टपरीकडं आणून टेकवली. चराच्या अंगाला रस्त्यावर रक्त होतं, काचा होत्या. आमच्यात सांगतात, माणसाचं रक्त ओलांडू नये, दिवेलागणीच्या आत धुऊन काढावं. नाहीतर मेलेल्याचा जीव तिथंच अडकतो. सासूनं मला सांगितलं, सासूला तिच्या सासूनं. मी तीन हंडे पाणी ओतलं, खराटा घेतला आणि रक्तासकट काचा झाडून आमच्या बाजूला आणल्या. आमच्याकडे कचऱ्याचा ढीग आहे आणि चराच्या अंगाला दिवेलागणीला गुरं उतरतात. त्यांच्या पायात जायला नकोत, एवढाच विचार.

पोलीस तासाभरानं आले. त्यांनी काचांचा ढीग बघितला, टेकवलेली मोटारसायकल बघितली, टेप लावून मोजलं आणि कागदावर चित्र काढलं. मी आत त्यांच्यासाठी चहा टाकत होते. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलंच नाही, की सांगण्यासारखं काही आहे.

दुसऱ्या दिवशी तो जिथं पडला होता तिथं, अगदी चराच्या काठाशी, मी एक सपाट दगड ठेवला, शेंदूर लावला. अडकला असलाच तर त्याला बसायला जागा पाहिजे. अमावास्येला भाकरीचा तुकडा ठेवायची. सून हसायची. "आत्या, जितेपणी चहा बिनसाखरेचा पाजला आन् आता निवद." तिचं हसणं तोंडापुरतं असायचं. दुपारी चारला तीसुद्धा त्या दगडाकडं बघत नसे.

तर पत्र. सुनेनं वाचलं, मग मी स्वतः वाचलं, एकेक अक्षर बोटानं. लिहिलं होतं ते असं, मला जवळजवळ पाठ आहे:

"आपल्या परिसरात झालेल्या अपघाताबाबत न्यायाधिकरणात दावा चालू असून अपघात नेमका कसा झाला याबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे आहे. मोटारीच्या विमा कंपनीने माहिती घेण्यासाठी माझी नेमणूक केली आहे. कोणाची चूक आहे हे ठरवण्याचे काम माझे नाही. आपण त्या वेळी जवळ होता असे कळले, म्हणून आपले म्हणणे लिहून घ्यायची विनंती आहे. आपण स्वतः जे पाहिले, ऐकले किंवा केले तेवढेच सांगावे. जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे सांगावे. जबाब देणे ऐच्छिक आहे. त्यासाठी मोबदला दिला जात नाही. तो आपल्याला वाचून दाखवल्यावरच सही घेतली जाईल व एक प्रत आपल्याकडे राहील. आपला जबाब गावात अथवा कोणाच्याही नातेवाइकांना दाखवला जाणार नाही. दाव्याचे काम पाहणाऱ्यांपुरताच तो राहील. मात्र न्यायाधिकरणाने मागितल्यास तो सादर करावा लागेल आणि मग दुसऱ्या बाजूलाही तो पाहता येईल. जबाब होईपर्यंत इतर साक्षीदारांशी याबाबत चर्चा करू नये ही विनंती."

बाई गं, काय पत्र होतं! ना धमकी, ना गोडी. मी दहा वेळा वाचलं, ते कुणाकडं झुकलंय का बघायला. कुणाकडंच नाही. आणि "किंवा केले" हे दोन शब्द तर मला रात्रंदिवस टोचले. पत्राखाली एका बाईची सही होती. मी केलेलं ठाऊक असल्यासारखं हिनं लिहिलं कसं?

त्याची बायको भरपाईचा दावा लढते आहे, हे आम्हाला माहीत होतं. मोटारवाल्याच्या बाजूचं म्हणणं, पोरगा चुकीच्या बाजूनं आला. पुरावा काय, तर पोलिसांचा कागद. काचा टपरीकडं, गाडी टपरीकडं. म्हणजे जिकडं मी खराट्यानं सगळं लोटलं ती बाजू, पुण्याकडं चाललेल्या मोटारीची. तिच्या सासरी लोक तिला तोंडावर म्हणायला लागले होते, "तुझा नवरा आपल्याच चुकीनं मेला."

मी सुनेला म्हणाले, "मी सांगते, मोटार त्याच्या अंगावर गेली ते मी बघितलं."

"बघितलंत व्हय?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय! त्याचं नुकसान मीच केलंय, भरून नको द्यायला?"

सून भांडी घासत होती, हात थांबवून म्हणाली, "खोट्यानं भराल तर उद्या वकील चार प्रश्न विचारंल. कढईकडं तोंड हुतं का रस्त्याकडं? तुमी गडबडला की खरं बोललेलं बी पाण्यात जाईल. पत्रात लिवलंय तसं करा."

तपास करणारी बाई स्कूटरवर आली. चाळिशीची असेल. मी चहा पुढं केला तर म्हणाली, "आजी, सही होईपर्यंत तुमचा चहा नको, मग घेईन." मला राग आला. नंतर बरं वाटलं.

तिनं सुनेला जरा लांब बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. मोटार कशी आदळली ते मी बघितलं नाही, हे पण. मग खराट्याचं सांगितलं. "मला आत टाकतील का हो?" मी विचारलं.

"मी पोलीस नाही आजी. तुम्ही जे केलं ते का केलं, हेही तुमच्याच शब्दांत लिहिते." आणि खरंच तिनं लिहिलं: रक्त ओलांडू नये म्हणून. गुरांच्या पायात जाऊ नये म्हणून.

मग तिनं विचारलं, "काचा मुळात कुठे पडल्या होत्या ते दाखवाल?"

मी तिला रस्त्यापलीकडे नेलं. "हितं. तो दगड हाय ना, तितं." ती दगडाकडे बघत राहिली. "हा कधी ठेवला?"

"दुसऱ्या दिवशी. त्या दिवसापासून कुणी हलवला न्हाई."

"तुमची हरकत नसेल तर उचलून बघता येईल का? नको असेल तर नको म्हणा."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. तिथं तो बसतो, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते खरंच झालं होतं. पण ती उचलणार नव्हती, माझ्यावर सोडलं होतं. मी खाली बसले, "बाबा, जरा सरक," असं म्हणाले आणि दगड उलटा केला.

खाली माती दबलेली होती. मातीत काचेचे बारीक कण, आणि मोटारसायकलच्या कडेच्या दिव्याची एक पिवळी फुटकी टिकली. काठापर्यंत माझा खराटा पोचला नव्हता. उन्हात ती टिकली चमकली. वाटलं, त्यानं परत डोळा उघडला.

बाईनं हात लावला नाही. टेप ठेवून फोटो काढले, सुनेला बोलावून काय दिसतंय ते बघायला लावलं, तिचीही सही घेतली. "हे इथं आता सापडलं, एवढंच मी लिहीन," ती म्हणाली. "याचा अर्थ काय, ते न्यायाधिकरण ठरवील. यानं निकाल फिरेल असं समजू नका." दगड मी होता तसा ठेवला. जबाब तिनं वाचून दाखवला, एके ठिकाणी मी "दोन हंडे" ऐकलं, म्हटलं, "तीन!" तिनं दुरुस्त केलं, शेजारी माझी सही घेतली. मग चहा प्यायली.

"मी त्याच्या बायकोला सांगू का?" मी विचारलं.

"तुमचा जबाब झाला. तुम्ही केलेलं तुम्ही सांगू शकता. माझ्याकडून मात्र तिला काही कळणार नाही."

वैशाखात ती आली. मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण चहा कमी गोड मागितला आणि ओळखलं. बाकावर बसली. मी तिच्या समोर बसले आणि खराट्याचं, हंड्यांचं, ढिगाऱ्याचं सगळं सांगितलं. ती रडली नाही. ग्लास खाली ठेवून म्हणाली, "म्हंजी ते आपल्याच बाजूला हुते."

"पडलेला तर तितंच हुता, बाई. आदळताना मी बघितलं न्हाई."

"आन् हे तुमी पोलिसांना त्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

काय सांगणार! विचारलं नाही म्हणून? चहा टाकत होते म्हणून? ती उठली, रस्ता ओलांडून दगडापाशी गेली, दगडावर हात ठेवून उभी राहिली. मग बस आली आणि ती गेली.

दावा अजून चालू आहे. कोर्टात बोलावलं तर जाणार, सुनेला सांगून ठेवलंय. चारच्या सुमाराला अजून तो आवाज कानात येतो. पण आता मी वळून बघते. चराकडेच बघते, बाजू चुकत नाही. त्या आवाजापेक्षा जास्त मला छळतो तो तिचा प्रश्न, कारण तो हळू येतो आणि चारचीच वाट बघत नाही, कधीही येतो.