तुपाचा हात

बदामाचा गोळा तेलकट का होतो, याची चार कारणे मी फळ्यावर लिहीत असे. बदाम ओलसर राहिले. यंत्रात फार वेळ दळले गेले. पाक घालून मिश्रण आचेवर फार वेळ ठेवले. किंवा गरम हातांनी ते गरजेपेक्षा जास्त मळले. अक्षर माझे चांगले होते. विद्यार्थी ती कारणे वहीत उतरवून घेत, आणि मला वाटे, आपण काहीतरी शिकवले.

चंदीगडमधल्या पाकशिक्षणाच्या एका संस्थेत मी मिठाई आणि बेकरी शिकवत होतो. सांगलीहून आलेला, सव्वीस वर्षांचा, अजून नोकरीत कायम न झालेला. पंजाब तेव्हा दहशतवादाने धुमसत होता; शहरात चौकाचौकांत वाळूच्या गोण्या रचलेल्या असत, बस थांबवून झडती होई आणि दिवस मावळला की दुकानांची शटरे पडत. अशा दिवसांत मी मार्झिपानची, म्हणजे बदाम-साखरेच्या गोळ्याची, छोटी संत्री वळायला शिकवत होतो. यातली विसंगती मला त्या वेळी दिसली नाही. शिस्त दिसली.

वर्गात एक बाई होत्या, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना बीबीजी म्हणत, मीही म्हणे. सासर अमृतसरच्या पलीकडच्या एका खेड्यात. नवरा त्या वर्षांतच गेला होता. कसा, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. त्या भावाकडे राहून हा कोर्स करत होत्या. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, अट एकच: प्रथम श्रेणी. भावाचे म्हणणेही सरळ होते. नोकरी लागली तर राहा, नाही तर गावी परत जा. त्या गावात रात्री दार कोण ठोठावेल याचा भरवसा नव्हता, आणि दार उघडावे की नाही याचाही नव्हता.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी त्या तासभर उशिरा आल्या. बदाम घरी सोलून, दोन दिवस गच्चीवर वाळवून, मूठभर साखरेसोबत थांबून थांबून दळून, चाळून, त्यांनी पूड डब्यात आणली होती. नाक्यावरच्या जवानाला त्या पांढरट पुडीचा संशय आला.

"मग?" मी विचारले.

"कहता है, खा के दिखाओ। मैंने दो चम्मच खाए जी। फिर उसने भी खाया। फिर उसके साथी ने।" त्यांनी डबा माझ्यासमोर हलवून दाखवला. "बाकी परीक्षा के लिए छोड़ दिया, मेहरबानी उनकी।"

एवढ्या उशिराने सुरुवात करूनही त्यांचा हात घाईचा नव्हता. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची बोटांत मऊ गोळी होते ना, ते पाहिले, भांडे उतरवले, पाक किंचित धुरकट होईपर्यंत ढवळला, पूड घातली. मंद आचेवर मिश्रण कडा सोडू लागताच ते संगमरवरावर काढले आणि निवू दिले. मग पिठीसाखर भुरभुरून थोडेसेच मळले. अर्धा गोळा ओल्या फडक्याखाली झाकला, अर्ध्याची बारा संत्री वळली आणि खिसणीच्या बारीक बाजूवर हलकेच फिरवून त्यांना सालीचे खडबडीत टिपके आणले. संत्र्याच्या देठासाठी लवंगा हव्या होत्या, म्हणून त्या कोठीघरात गेल्या. परीक्षक, दिल्लीच्या एका हॉटेलात आयुष्य काढलेले वयस्कर गृहस्थ, बाहेर चहा घेत होते.

मी ताटापाशी गेलो. दोनतीन संत्र्यांना बारीक तडे गेले होते. माझ्या सांगलीकर नजरेला ती कोरडी संत्री पोरकी वाटली. आमच्या घरी आई कुठलीही वडी तुपाचा हात लावल्याशिवाय थापत नसे. कोरड्या हाताने गोडाला शिवणे हा तिच्या लेखी आळशीपणा होता. शेजारच्या फळीवर साच्यांना लावायचे तूप होते. मी दोन्ही तळव्यांना ते चोळले आणि बाराही संत्री एकेक करून गुळगुळीत केली. तडे मिटले. संत्री चकाकू लागली. परोपकाराचा आनंद मला झाला, हे कबूल केले पाहिजे.

बीबीजी परत आल्या. त्यांनी ताट पाहिले, मग माझे हात पाहिले, आणि कुंचला रंगात बुडवला. पाण्यातला नारिंगी रंग संत्र्यावर बसेना. थेंबाथेंबांनी गोळा होऊन तो खाली ओघळू लागला.

परीक्षकांनी एक संत्रे उचलले आणि बोटे रुमालाला पुसली.

"ये क्या है, बीबी? बादाम का तेल निकाल दिया? कितना पीसा? कितना गूँधा?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्टरजी, आपने सिखाया नहीं?"

माझ्या तळव्यांवर तूप होते. माझ्या कायम होण्याबद्दलचा अहवालही तेच परीक्षक लिहिणार होते.

"मी वर्गात नेहमीच सांगतो," मी हिंदीत म्हणालो, "जास्त मळू नये."

या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते मला आजवर छळते. खोटे बोललो असतो, तर निदान माफी मागायला जागा राहिली असती.

"गलती हो गई जी," बीबीजी म्हणाल्या.

परीक्षक मनाने चांगले होते. फडक्याखालचा उरलेला गोळा पाहून त्यांनी पुन्हा संधी दिली. बीबीजींनी हात थंड पाण्यात धरले, कोरडे पुसले, पिठीसाखर लावली आणि नवी संत्री वळली. एकही चकाकले नाही. रंग असा बसला, की परीक्षकांनी एक चाखून दुसरे खिशात टाकले. पण नियम होता: दुसऱ्या प्रयत्नाला फक्त उत्तीर्ण, श्रेणी नाही.

वसतिगृहाची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी कायम झालो.

प्रमाणपत्र न्यायला बीबीजी आल्या, तेव्हा मी कबुलीची वाक्ये मनात जुळवत होतो. त्यांनी मला तिथवर पोहोचू दिले नाही.

"रहने दो सरजी। गाँव में पिन्नी बनाऊँगी, आटे के लड्डू। उसमें जितना घी, उतनी तारीफ़।"

त्या हसल्या. मीही हसलो, आणि त्या हसण्याआड माझी कबुली राहून गेली. दोन दिवसांनी त्या गावी गेल्या. पुढचे मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याचे धाडस मी केले नाही, असे म्हणणे अधिक खरे.

पुढच्या वर्षी तेच परीक्षक आले. आता नोकरी पक्की होती, त्यामुळे प्रामाणिकपणा परवडत होता. चहा घेताना मी त्यांना तुपाची सगळी हकीकत सांगितली. ते रागावतील, निदान गंभीर होतील, अशी माझी अपेक्षा होती. तशी तयारीही मी केली होती.

ते खो खो हसले. "घी! अरे यार, उसी वक़्त बोल देते। वो थाली मैं गिनता ही नहीं। फ़र्स्ट क्लास था उसका हाथ।"

"आणि माझा अहवाल?"

"आपका?" त्यांनी आठवून पाहिले. "वो तो मैं सुबह ही लिख चुका था।"

आतमध्ये विद्यार्थी हात धुऊन उभे होते. परीक्षकांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "चलो मास्टरजी, पहला कौन?" मी यादी उघडली आणि पहिले नाव पुकारले.