सहा आणि तीन

मी एक बरोबर उत्तर लाल पेनानं खोडलं, आणि वर घरी येऊन त्याचा विनोदही सांगितला.

उत्तरपत्रिका तपासायच्या कॅम्पवर होतो. इकडे चेन्नईत इंजिनिअरिंगच्या परीक्षा झाल्या की आम्हा गणिताच्या मास्तरांना तांबरमच्या पुढच्या एका कॉलेजात पंधरा दिवस बसवतात. सकाळी एक गठ्ठा, दुपारी एक गठ्ठा, एका गठ्ठ्यात पंचवीस पेपर. पेपरावर नाव नसतं, एक खोटा नंबर असतो. माझ्या वाट्याला आलेले पेपर होते अरिअरवाल्यांचे, म्हणजे आधी नापास होऊन पुन्हा बसलेल्यांचे.

सातवा प्रश्न आठ मार्कांचा होता. आकड्यांची एक रांग आहे, तिच्यात पुढचा आकडा काढायचा तर मागच्याची सहापट घ्यायची आणि त्यातून त्याच्याही मागच्याची नऊपट वजा करायची. सुरुवात दोन आणि नऊ, n शून्यापासून मोजायचा. म्हणजे पुढे छत्तीस, मग एकशे पस्तीस. मधले आकडे न काढता थेट n-वा आकडा देणारं सूत्र काढा.

रीत ठरलेली आहे. आकडा rⁿ असा असेल असं धरायचं, की r² − 6r + 9 = 0 हे समीकरण मिळतं. त्याचं मूळ तीन, आणि तेही दोनदा. खरी गोम इथेच आहे. वेगळी मुळं दोन असली तर दोन पदं आपोआप मिळतात, पण एकच मूळ दोनदा आलं तर दुसऱ्या पदाला n नं गुणावं लागतं: (A + Bn)·3ⁿ. पहिले दोन आकडे घालून बघितले की A दोन येतो, B एक येतो. उत्तर (n + 2)·3ⁿ.

त्या सकाळी निम्म्या पोरांनी तो n खाल्ला होता. (A + B)·3ⁿ लिहायचं, मग पहिल्या आकड्यावरून A + B दोन येतात, दुसऱ्यावरून तीन येतात, आणि तरीही खाली ठसठशीत अक्षरांत A आणि B च्या किमती. एकाने तर उत्तराभोवती चौकट काढली होती. अकराव्या पेपरापर्यंत माझा डोळा फक्त दोन गोष्टी शोधत होता: A बरोबर दोन, B बरोबर एक. सापडलं की आठ, नाही सापडलं की समीकरणाचे दोन आणि पुढे रेघ.

संध्याकाळी नुंगंबाक्कमच्या घरी बायको घेवड्याच्या शेंगा मोडत होती. ती बँकेत आहे, गणिताशी तिचं वैर नाही आणि प्रेमही नाही. मी म्हटलं, "आज एकाने A सहा काढला आणि B तीन. कुठून काढले देव जाणे."

"मग त्याचं उत्तर काय आलं?"

"(3n + 6)·3ⁿ⁻¹."

"आणि चूक कुठे होती?"

मास्तराला असा प्रश्न विचारला की तो बसलेला असला तरी उठतो. मी एका लग्नपत्रिकेचं पाकीट घेतलं आणि चूक दाखवायला बसलो. n शून्य: सहा भागिले तीन, दोन. n एक: नऊ. n दोन: बारा गुणिले तीन, छत्तीस. मी पुन्हा केलं. मग कंसातून तीन बाहेर काढला. तीन गुणिले 3ⁿ⁻¹ म्हणजे 3ⁿ, आत उरले n + 2. ते माझंच उत्तर होतं. त्याने घाताची सुरुवात एक पायरी अलीकडून धरली होती, म्हणून त्याचे A, B वेगळे. बाकी काही वेगळं नव्हतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"एकूण सेहेचाळीस होते त्याचे."

"पास कितीला?"

"पन्नासला."

तिने शेंगा मोडायचं थांबवलं. मला दोनाचे आठ करायचे होते, म्हणजे बावन्न. पण गठ्ठा मी सही करून देऊन आलो होतो. सकाळी साडेनऊला आदल्या दिवसाच्या मार्कांचे तक्ते वर जातात, आणि एकदा गेले की खोट्या नंबरामागचा पोरगा किंवा पोरगी आमच्या हाताबाहेर. कुठेतरी कुणीतरी आईबापांना सांगून बसलं असेल की या वेळी पेपर चांगला गेलाय.

सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधीची तांबरमची गाडी पकडली. बसायला जागा होती तरी मी दाराशी उभा राहिलो, जणू त्यामुळे गाडी लवकर पोचणार होती. डोक्यात तमिळमध्ये माफीची वाक्यं जुळवत होतो. वीस वर्षं इथे काढूनही माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, आणि माफीला भाजीबाजारात फारसा वाव नसतो.

आमच्या खोलीच्या प्रमुख मॅडम टेबलावर तक्ते रचत होत्या. मी इंग्रजीत सगळं सांगितलं.

त्यांनी उत्तरसूची पुढे सरकवली. "सार, यात A दोन आणि B एक आहे."

"तो सूत्राचा एक पेहराव झाला, मॅडम. सूत्र तेच आहे."

"मला पटवा."

पन्नाशीतला माणूस मी, त्यांच्यासमोर कागदावर कंसातून तीन बाहेर काढू लागलो. तीन ओळींचं काम. मॅडमनी स्वतः n चार घालून पाहिलं, दोन्हीकडून चारशे शहाऐंशी. मग शिपायाला गठ्ठा आणायला पाठवलं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

पेपर उघडला. सातव्या उत्तराच्या खाली त्या पोराने, का पोरीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: n = 2 घालून 36, बरोबर. आणि त्या ओळीवरून माझी लाल रेघ गेली होती.

मी दोनाचे आठ केले, बाजूला सही केली, खुलाशाचा कागद लिहिला. बावन्न. सुटलो असं वाटून खुर्चीला टेकलो, तोच मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी कालचे गठ्ठे मागवा. सातवा प्रश्न पुन्हा."

आठ मास्तर माझ्याकडे वळले. शेजारच्या सरांनी हळूच विचारलं, "सार, तुम्हाला घरी काही काम नसतं का?" तेच सर खोलीत सगळ्यात कडक. पाऊण तासाने त्यांनीही एका पेपरात आकडा बदलला, सही केली, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मॅडमनी फोन करून तक्ते थांबवून ठेवले होते. तेवढा वेळ मी घोटभर कॉफी घेतली नाही; आणखी कुणाच्या गठ्ठ्यात काय निघतंय ते बघत होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पेपर कसा सापडला, मॅडमना कसं पटवलं, तक्ते कसे थांबले. माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण शेवटी शेवटी मीच सगळ्यांना वाचवल्यासारखं वाटायला लागलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि समोर बसून म्हणाली, "अहो, बरं झालं. पण गेल्या वर्षी तुम्ही मला कुठल्याच पेपराचा विनोद सांगितला नव्हता. त्याच्या आधीच्या वर्षीही नाही."