रूट राह्यलं

आर्णीच्या एका ज्युनिअर कॉलेजात धर्मपाल सर नऊ वर्षं तासिकेवर गणित शिकवत होते. कायम जागा एकदाच निघाली आणि तीही त्यांच्याच कॉलेजात. अट एकच होती, निवड समितीसमोर नमुना पाठ. मैत्रेयीनं, त्यांच्या बायकोनं, पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला होता.

समितीचे तिघं मागच्या बाकावर बसले. सरांनी त्यांचं लाडकं गणित काढलं. वक्र वाय बरोबर एक्सचा वर्ग, बिंदू (०, ३). बिंदूपासून वक्राचं सगळ्यात कमी अंतर किती?

"अंतरात रूट, म्हणजे वर्गमूळ, येते. त्याचं डेरिव्हेटिव्ह काढत बसलं का घाम फुटते. म्हणून आपण अंतराचा वर्गच घेऊ, त्याले डी म्हणू. अंतर कधी ऋण नसते, म्हणून डी जिथं सगळ्यात लहान, तिथंच अंतरही सगळ्यात लहान."

डी आला एक्सचा चौथा घात, वजा पाच एक्सवर्ग, अधिक नऊ. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं. एक्स शून्य, नाहीतर एक्सवर्ग पाच छेद दोन. पोरं म्हणाली, बिंदूच्या थेट खाली शून्यच जवळचं. सर हसले, दोन्ही ठेवून दाखवले. शून्यावर डी नऊ, दुसऱ्या ठिकाणी अकरा छेद चार. वर्ग चाट पडला. समितीचे अध्यक्षही पुढं सरकले.

"उत्तर, अकरा छेद चार," सरांनी रुबाबात चौकट काढली.

तेवढ्यात राखीचा हात अर्धा वर आला. तांड्यावरून रोज सायकलनं येणारी ही पोरगी. 'चुकलो तर टोका, समोर कोणीबी असो' हे सरांनीच तिला वर्षभर घोकून घोकून शिकवलं होतं. पण तिनं मागं पाहिलं, अध्यक्षांकडं, आणि हात खाली घेतला.

सरांनी तो हात पाहिला होता. कुठंतरी चुकलंय, कुठं ते कळेना. घंटेला दोन मिनिटं होती. गप्प राहिलं असतं तर निभावून गेलं असतं.

"राखी, काय झालं? बोल."

"सर..." ती उठून उभी राहिली. "रूट घ्याचं राह्यलं. तो तर अंतराचा वर्ग आहे."

मागं कुणीतरी खोकलं. सरांनी चौकट पुसली आणि लिहिलं, रूट अकरा छेद दोन.

शुक्रवारी यादी लागली. सरांचं नाव दुसरं होतं. जागा एकच.

राखी व्हरांड्यात रडत उभी होती. "माह्यामुळे झालं, सर. मी कायले बोलली?"

"मीच विचारलं ना तुले? तू नसती बोलली तर चाळीस वह्यांत चुकीचं उत्तर गेलं असतं. हात खाली घेत जाऊ नको, कोणासाठीच. माह्यासाठीबी नाही."

हे ते अगदी मनापासून बोलले. मग स्टाफरूमचं दार लावून घेतलं, खुर्चीवर बसले आणि त्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं बराच वेळ डोळे पुसत राहिले.